गल्ला वेगळा, डबा वेगळा

बाय, "दुकान माझं, पैसा माझा, मग खाती दोन कशाला, मामा?" असं तू विचारलंस ते बरं झालं. दिवाळीत दुकान उघडलंस आणि प्रश्न मे संपता संपता विचारतेयस, म्हणजे उशीर केलासच. पण पावसाच्या आधी विचारलास, म्हणून माफ. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या छोट्या दुकानांच्या वह्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. या पट्ट्यातल्या धंद्याची एक खोड तुला माहीत आहे. पैसा येतो तो दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुटीत. जून लागला की गेटवे-मांडवा लाँच बंद, समुद्रावरचे खेळ बंद, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. गिऱ्हाईक येत नाही, पण दुकानाचं भाडं येतंच. त्यामुळे आपल्याकडे दोन खात्यांचा प्रश्न आधी पोटापाण्याचा आहे, कराचा नंतर.

१. पासबुकातली शिल्लक म्हणजे नफा समजू नकोस – त्या एका आकड्यात कुणाकुणाचे पैसे दाटीवाटीने बसलेत, ते पासबुक सांगत नाही. शिल्लक सगळ्यांची, नफा एकटीचा.

तुझंच खातं घेऊ. दुकानाचा क्यूआर तुझ्या जुन्या बचत खात्याला जोडलेला, त्यामुळे सगळं तिथेच. "मामा, १,१९,००० शिल्लक आहेत. मे महिन्यात जवळजवळ सव्वा लाख सुटले!" असं तू म्हणालीस, आणि डोळ्यांत स्कूटर दिसत होती. मग आपण उतारा पुढे घेऊन पेन्सिलने खुणा करायला बसलो.

"यातले १८,००० तर एक तारखेलाच होते ना?"

"हो, एप्रिलचे."

"हे १५,००० कुणाचे?"

"दादाने आईच्या औषधांसाठी पाठवलेत. अजून काढले नाहीत."

"आणि हे ३०,०००?"

"भिशी लागली." हे म्हणताना तुझा आवाज जरा उतरला, कारण पुढे काय येणार ते तुझ्या लक्षात आलं होतं.

"सुक्या मासळीवालीचं किती द्यायचं राहिलंय?"

"सव्वीस हजार. आणि आगळ-कोकमवाल्याचे चौदा."

म्हणजे उधारीचे ४०,०००. आता १,१९,००० मधून १८,०००, १५,०००, ३०,००० आणि ४०,००० काढ. उरले १६,०००. दुसऱ्या बाजूनेही मांडून पाहिलं. यूपीआयने १,८६,००० आणि रोख भरणा ४०,०००, मिळून विक्री २,२६,०००. त्यातून रोकडा घेतलेला माल १,१२,०००, उधारीचा ४०,०००, आणि भाडं, वीज, मदतनीस पोरगी यांचे मिळून १९,४००. दुकानाने मिळवले ५४,६००. कपाटात उरलेला माल मी मुद्दाम धरला नाही; तो थोडा आहे आणि पावसाळ्यात त्यातला काही सादळणार आहे. त्या ५४,६०० पैकी ३८,६०० घरात गेले – किराणा, शाळेची फी, मावसबहिणीच्या लग्नाचा आहेर. पुन्हा तेच १६,०००.

दुकानाने महिना वाईट काढला नव्हता, हे नीट ध्यानात ठेव. चोपन्न हजार सहाशे ही नागावातल्या नव्या दुकानासाठी चांगली कमाई आहे. घर किती खातंय ते दिसत नव्हतं, एवढंच. आणि समोर जून, जुलै, ऑगस्ट उभे. पोरगीला तीन महिने सुटी दिली तरी भाड्याचे २४,००० आणि विजेचे सुमारे ३,००० लागणार. सत्तावीस हजारांची गरज, हातात सोळा. खात्यात लाख दिसत असताना अकरा हजारांची तूट होती, बाय.

२. पावसाळ्यासाठी मेमध्ये घरात आगोट भरतेस तशी दुकानाचीही आगोट भर, आणि ती दुकानाच्या खात्यातच ठेव – घरच्या खात्यात राहिलेली रक्कम जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या दप्तरावर आणि पत्र्याच्या डागडुजीवर जाते, आणि तीही कुणी उधळपट्टी न करता.

३. दर महिन्याच्या ५ तारखेला दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात एक ठरलेली रक्कम पाठव, आणि पुढच्या ५ तारखेपर्यंत दुकानाकडे हात पसरू नकोस – या रकमेला आमच्या वहीत 'उचल' म्हणतात, आणि उचल ठरली की घर आपोआप तिच्यात बसायला शिकतं.

तू लगेच विचारलंस, "किती ठरवायची?" मेकडे बघून ठरवू नकोस. वर्षभराचा अंदाज धर, त्यातून बंद महिन्यांची भाडी काढ, आणि उरेल त्याला बाराने भाग. तुझ्याकडे अजून वर्ष पुरं झालेलं नाही, म्हणून सध्या २०,००० धरू. हाच मे महिना दोन खात्यांनी चालवला असता तर काय झालं असतं बघ. विक्री २,२६,०००, त्यातून रोकडा माल, खर्च आणि उचल देऊन दुकानाच्या खात्यात ७४,६०० राहिले असते. उधारीचे ४०,००० चुकते केल्यावर ३४,६००. पावसाळ्याचे २७,००० त्यातून निघाले असते आणि वर ७,६०० उरले असते. भिशी आणि दादाचे पैसे घरच्या खात्यात सुरक्षित, त्यांचा इथे संबंधच नाही. आहेरासाठी भिशीला थोडा हात लागला असता कदाचित, पण तो तुला दिसला असता. मे दिलदार असतो, जून उलटतपासणी घेतो.

उचल हा दुकानाचा खर्च नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. मालकीण स्वतःला पगार देते असं तुला वाटेल, पण एकट्या मालकीच्या धंद्यात ती रक्कम खर्चात दाखवून नफा कमी करता येत नाही. उलट बाजूने, घरातून दुकानात टाकलेले पैसे ही विक्री नसते, ते भांडवल. दोन खाती असली की ही दोन्ही नावं आपोआप लागतात, एकाच खात्यात मला दरवेळी तुला फोन करून "हे काय होतं?" विचारावं लागतं, आणि तीन महिन्यांनी तुलाही ते आठवत नाही.

४. खातं उघडायला आधी दोन कागद तयार कर, उद्यम नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्टची सूचना-पावती – दुकानाच्या नावाने खातं उघडताना बँक धंद्याचे दोन पुरावे मागते, आणि हे दोन घरबसल्या निघतात.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर होते आणि फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले, तर ते त्याची मजुरी मागतोय, सरकारी फी नव्हे. शॉप अ‍ॅक्टचंही २०१७ च्या कायद्याने सोपं झालंय. तुझ्यासारख्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. दुकानाचं नाव दोन्ही कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं लिही. एकीकडे 'ट्रेडर्स' आणि दुसरीकडे 'स्टोअर्स' झालं की बँकेत चकरा ठरलेल्या.

खातं चालू खातंच घे. "बचत खातंच दुसरं काढू का, त्यावर व्याज तरी मिळेल," हे तू म्हणणार होतीस ते मला माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत खातं धंद्याच्या नावाने उघडता येत नाही. चालू खात्यावर व्याज नसतं हे खरं, पण तिथे पैसा वस्तीला नसतो, येऊन-जाऊन असतो. त्यापेक्षा किमान शिल्लक किती ठेवावी लागते, कमी पडली तर किती कापतात आणि रोख भरण्याला किती आकार आहे, हे तीन प्रश्न दोन-तीन बँकांत विचार. फरक बराच असतो. जिल्हा बँकही बघ, राष्ट्रीयीकृतही बघ, आणि सही करण्याआधी दरपत्रक मागून घे.

५. नवा क्यूआर आला की जुना त्याच दिवशी खरवडून काढ – काउंटरवरचा, दारावरचा आणि त्या पापडांच्या बरणीवर चिकटवलेलासुद्धा. एक चुकार स्टिकर वर्षभर दोन्ही खाती कालवत राहतो.

६. दुकानासाठी मोबाइल नंबरही वेगळा घे – नेहमीचं गिऱ्हाईक कोड स्कॅन करत नाही, "ताई, नंबरवर टाकले" म्हणतं, आणि ते पैसे त्या नंबराला जोडलेल्या मुख्य खात्यात, म्हणजे तुझ्या घरात जातात. पुण्याहून पांढरा कांदा आणि पोह्याचे पापड मागवणारे तर सगळे असेच.

७. गल्ल्यातून परस्पर भाजी आणू नकोस – बँकेत दोन खाती करून गल्ला उघडा ठेवला, तर भिंत बांधून दार विसरल्यासारखं होईल.

हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून थोडं थांबतो. आपल्याकडे सुट्टीत येणारे बरेच लोक रोख देतात, आणि दुकान घराला लागून असलं की आई आतून हाक मारते, "दुधाचे साठ दे गो." तू देणार, आणि द्यावेसच. पण त्या क्षणी गल्ल्यात एक चिठ्ठी टाक, 'घर ६०'. रात्री दुकान बंद करताना नोटा मोज. सकाळची शिल्लक, अधिक रोख विक्री, वजा चिठ्ठ्या, वजा रोख खर्च, वजा बँकेतला भरणा – एवढं जुळलं पाहिजे. दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तर जीव काढू नकोस, पण रोज शंभर-दीडशे कमी पडत असतील तर चिठ्ठी कुणीतरी टाकत नाहीये. सुट्ट्यासाठी दोन हजार ठेव, बाकीची रोकड दर दोन-तीन दिवसांनी दुकानाच्या खात्यात भर, आणि चिठ्ठ्यांची बेरीज त्या महिन्याच्या उचलीतून वळती कर. आईला आधी सांगून ठेव, म्हणजे तिला ते लागणार नाही. तिने तुझ्या वयात मासळीच्या पैशांतून घर चालवलंय. तिला हिशेब तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

८. चुकून दुकानाच्या कार्डाने घरचा गॅस भरलास तर घाबरू नकोस, त्याच दिवशी नेमकी तेवढीच रक्कम घरच्या खात्यातून परत पाठव आणि शेऱ्यात 'गॅस परत' लिही – ८५० च्या जागी गोळाबेरीज १,००० पाठवलेस की पुढच्या वर्षी मला दीडशे रुपयांचा उगम शोधत बसावं लागतं.

९. दादाकडून दुकानासाठी उसने घेशील तर बँकेतूनच घे, आणि तेही दुकानाच्या खात्यात – वीस हजार किंवा जास्त रक्कम कर्ज म्हणून रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. प्रेमाचा व्यवहारही खात्यातून झाला की प्रेम टिकतं आणि कागदही राहतो.

आता कराचं. "मामा, माझं एवढंसं दुकान, मला कोण विचारणार?" असं तू म्हणालीस. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत असंच वाटणाऱ्या बेकरीवाल्यांना, चहावाल्यांना, भाजीवाल्यांना कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा आल्या. खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमा बघितल्या होत्या आणि त्या जीएसटीच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसत होत्या. व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या रकमांत घरच्यांनी पाठवलेले, उसने परत आलेले असे पैसेही आहेत, शिवाय करमुक्त मालाची विक्रीही आहे. काहींनी घाबरून दुकानावर 'यूपीआय नाही, रोख द्या' अशा पाट्या लावल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की जे जीएसटीत नोंदणी करतील त्यांच्याकडून जुनी थकबाकी वसूल करणार नाही. तिथलं प्रकरण निवळलं, पण त्यातून घ्यायचं ते घे.

१०. जमा झालेली प्रत्येक रक्कम विक्री नसते, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुझ्यावर येतं – दुकानाच्या खात्यात फक्त दुकानाचंच असेल, तर तो उताराच तुझी साक्ष देतो.

आपल्या राज्यात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. तुझी उलाढाल अठरा-वीस लाखांच्या घरात जाईल, म्हणजे तू बरीच खाली आहेस. पण ही मर्यादा मोजताना करमुक्त मालाची विक्रीही धरतात, हे लक्षात ठेव. आणि बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्यासाठी हाच आकडा ५० लाखांचा आहे.

आयकर भरताना अंदाजित उत्पन्नाची सोय घेशील तर छोट्या व्यापाऱ्याला बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा असतो. बारा लाख यूपीआयने आणि सहा लाख रोखीने आले, तर ७२,००० आणि ४८,००० मिळून १,२०,००० झाले. पण कोणती रक्कम कोणत्या खणातली, हे आधी कळायला हवं. दुकानाचं खातं स्वच्छ असेल तर मला ते काम एका दुपारचं आहे. कालवलेलं असेल तर आपण दोघं चार दिवस उतारा वाचत बसतो, आणि शेवटी शंकेच्या रकमा विक्रीत धरून मोकळे होतो. म्हणजे भिशीवरही तू नफा दाखवलास. आणि ६ टक्के हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा असतो, तिथे माझ्याशी वाद घालू नकोस.

११. दोन खाती केली म्हणून तू आणि दुकान कायद्याने वेगळे झालात असं समजू नकोस – पॅन एकच, कर तुझ्याच नावावर, आणि दुकानाचं कर्ज थकलं तर बँक घरच्या खात्याकडेही बघू शकते. खातं वेगळं, खांदा तोच.

म्हणून हप्ते आणि विमा कुठून जातात हे एकदा तपासून घे. घराच्या कर्जाचा हप्ता, मोबाइलचं रिचार्ज, टीव्हीचे पैसे, आपोआप कापलं जाणारं सगळं घरच्या खात्यावर हलव. दुकानाचं भाडं, वीज, मालाच्या विम्याचा हप्ता दुकानाच्या खात्यावर. विम्याचं मुद्दाम सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडची सुपारीची आणि नारळाची झाडं तर गेलीच, दुकानांचे पत्रेही उडाले. अशा वेळी मालाचं नुकसान सांगायला, माल किती घेतला होता याचा कागद लागतो. मासळीवालीला आणि कोकमवाल्याला दुकानाच्या खात्यातून पैसे गेलेले असले, की तारीख आणि रक्कम बँकेतच राहते. वही भिजते, बिलं वाहून जातात, उतारा पुन्हा छापून मिळतो.

१२. महिन्यातून एकदा, उचल पाठवायच्या आधी, उतारा आणि वही शेजारी ठेवून ओळीओळीला बरोबरची खूण कर – एका महिन्याची चूक दहा मिनिटांत सापडते, वर्षाची सापडतच नाही. खूण नसलेली ओळ उरली तर तिच्यापुढे तेव्हाच लिही. 'नंतर बघू' या नावाचं खातं कुठल्याच बँकेत नाही.

आता क्रम सांगतो. या आठवड्यात उद्यम आणि शॉप अ‍ॅक्टचे कागद काढ. खातं उघडलं की आधी मासळीवालीचे सव्वीस आणि कोकमवाल्याचे चौदा हजार चुकते कर, आणि ते त्या नव्या खात्यातूनच दे. त्यासाठी जुन्या खात्यातून सत्तावन्न हजार नव्यात घाल. त्यात हे चाळीस आणि मे महिन्याचे सोळा येतात, आणि एक हजार एप्रिलच्या शिल्लकीतले. शेऱ्यात 'भांडवल' लिही. उरलेल्या एप्रिलच्या पैशांतून दहा हजार आणखी टाकलेस की भाडं आणि विजेचे सत्तावीस हजार पुरे होतात. दुकानासाठी भिशीला आणि आईच्या औषधांना हात लावू नकोस. जून ते ऑगस्ट दुकानातून उचल निघणार नाही, तेव्हा त्या तीन महिन्यांचं घर भिशीवर आणि दादावर चालेल. ते त्याला आत्ताच फोन करून सांग, १५ जूनला नको. स्कूटरचं नाव ऑक्टोबरपर्यंत काढायचं नाही. गणपतीच्या आधी एकदा ये, वही, दोन्ही उतारे आणि चिठ्ठ्यांचा डबा घेऊन ये. तेव्हा पुढच्या हंगामाची उचल वीस ठेवायची की बावीस, ते बसून ठरवू.